प्री-ओपनमधील रिलेटिव्ह व्हॉल्यूम: या चुका टाळा

एनएसईच्या प्री-ओपन सत्रात ९:०० ते ९:०८ या काळात ऑर्डर घेतल्या जातात, त्या बदलता येतात आणि रद्दही करता येतात. शेवटच्या मिनिटात ही मुभा केव्हाही बंद होते आणि मग जुळणी होऊन एकच समतोल किंमत ठरते. हे ठाऊक असूनही ९:०४ ला स्क्रीनवर दिसणारा आकडा म्हणजेच व्हॉल्यूम असे मानणारे मला दर आठवड्याला भेटतात. तो आकडा निव्वळ अंदाज असतो.

याची फी मीही भरलेली आहे. एका मिडकॅप शेअरची प्री-ओपन उलाढाल एरवी सहा हजार शेअरच्या आसपास असे. एके दिवशी ९:०४ ला ती ८२,००० दिसली, म्हणजे रिलेटिव्ह व्हॉल्यूम, अर्थात नेहमीच्या उलाढालीशी आजच्या उलाढालीचे गुणोत्तर, जवळजवळ १४, आणि किंमत चार टक्के वर. मी उतावीळपणे ९:०५ ला खरेदीची लिमिट ऑर्डर टाकली. त्यानंतर मोठ्या ऑर्डर मागे घेतल्या गेल्या आणि प्रत्यक्ष जुळणी झाली अवघ्या ५,२०० शेअरची. माझी ऑर्डर समतोल किमतीला भरली खरी, पण पदरात पडला तो नेहमीचाच सुस्त शेअर. तेव्हापासून जुळणी पूर्ण झाल्यावर, म्हणजे ९:१० च्या सुमारास, मी पहिल्यांदा स्कॅन चालवतो. ९:१५ ला नियमित व्यवहार सुरू होईपर्यंत उरणारी पाच मिनिटे निवडलेले चार-पाच शेअर पाहायला पुरतात. ज्याला ती पुरत नाहीत, त्याची यादी लांब झालेली असते.

दुसरी चूक भागाकाराच्या छेदात असते. प्री-ओपनच्या आठ मिनिटांतील उलाढालीला संपूर्ण दिवसाच्या सरासरीने भागले, तर मिळणाऱ्या अपूर्णांकाला काही अर्थ नसतो. तुलना मागील दिवसांच्या प्री-ओपनशीच हवी. तीही सरासरीने नको. समजा, दहापैकी नऊ दिवस प्रत्येकी ४,००० शेअर जुळले आणि निकालांच्या दिवशी १,६०,०००. सरासरी १९,६०० येते, त्यामुळे आज २०,००० जुळले तरी गुणोत्तर एकच्या जवळ राहते आणि शेअर चाळणीतून निसटतो. मध्यक ४,००० असल्याने खरे गुणोत्तर पाच आहे. यासाठी मी एक्स्चेंजच्या संकेतस्थळावरील प्री-ओपनची फाइल रोज जुळणीनंतर उतरवून ठेवतो. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणून बहुतेक जण तयार स्कॅनर घेतात आणि त्याचा छेद कशाचा आहे, हे विचारतही नाहीत.

बोनस किंवा स्प्लिटनंतर शेअरची संख्याच वाढते, तेव्हा जुने आकडे त्या प्रमाणात बदलून घ्यावेत.

ज्या शेअरचा मध्यक ५० आहे, त्याचे ४० पट गुणोत्तर म्हणजे फक्त दोन हजार शेअर. म्हणून जुळलेल्या उलाढालीची रुपयांतील किमान मर्यादा आधी लावावी आणि गुणोत्तर नंतर पाहावे.