रंगीत बॅज आणि दारावरची भांडणं: या चुका टाळा

प्रदर्शनाच्या तयारीत बॅजचा विषय सगळ्यात शेवटी निघतो. मग कोणीतरी घाईघाईने ठरवतं: स्टॉलधारकांना निळा, भेट देणाऱ्यांना हिरवा, वक्त्यांना नारिंगी, पत्रकारांना पिवळा, आयोजकांना लाल. तक्ता छान दिसतो. पण दारावरच्या माणसाला समोरचा कोण आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. याला आत सोडायचं की नाही, एवढंच त्याला ठरवायचं असतं. त्यात काही स्टॉलधारकांनी वर्कशॉपचे पैसे भरलेले असतात, काहींनी नाही, आणि बॅज मात्र सगळ्यांचे निळे. म्हणजे पाच रंग पाठ करूनही त्याला विचारावंच लागतं, आणि दारात विचारपूस सुरू झाली की रांग लागलीच म्हणून समजा.

म्हणून माझी सवय अशी की रंग माणसाला नाही, दाराला द्यायचा. साधा पांढरा बॅज फक्त हॉलसाठी, निळी पट्टी हॉल आणि वर्कशॉपसाठी, पिवळी पट्टी या दोन्हींसह लाउंजसाठी. कोण कुठला, ते नावाखाली अक्षरांत लिहा. लाउंजवाल्यांना वर्कशॉप फुकट द्यायचं नसेल तर ही चढती रचना चालत नाही. मग एकाच बॅजवर दोन वेगळ्या पट्ट्यांची जागा ठेवावी. चौथा रंग मागणाऱ्याला मी एकच विचारतो, चौथं दार कुठे आहे? बहुतेक वेळा ते नसतंच.

लाल-हिरवी जोडी टाळा, ज्यांना या दोन रंगांतला फरक कळत नाही असे लोक दारावरही उभे असतात. निळा-जांभळाही नको, रंगीत दिव्यांखाली दोन्ही सारखेच दिसतात.

आता माझा खास राग. काउंटरवर जागेवर छापले जाणारे बॅज बहुतेकदा थर्मल प्रिंटरवर निघतात. हा प्रिंटर कागद तापवून अक्षरं उमटवतो, त्यामुळे छपाई फक्त काळी. रंगीत पट्टी रोलवर आधीच छापलेली असते. म्हणजे नाव संगणकातून येतं आणि रंग मात्र जो रोल हाताला लागला त्यातून. एका प्रदर्शनात सकाळच्या गर्दीत निळा रोल संपला. नवख्या मदतनिसाने रांग थांबू नये म्हणून शेजारचा पिवळा चढवला. प्रिंटरने तक्रार केली नाही, करणारही नाही. दोन्ही रोलांचं माप एकच. वर्कशॉपसाठी आलेली सगळी माणसं लाउंजचे बॅज घालून निघाली. जेवणाच्या सुमारास लाउंजमध्ये बसायला जागा नव्हती, आणि ज्यांनी खरोखर लाउंजचे पैसे भरले होते ते दाराबाहेर. आत कोणाला उठवणार? प्रत्येकाच्या गळ्यात पिवळी पट्टी, चूक त्यांची नाही. शेवटी यादी हातात घेऊन एकेकाचं नाव विचारावं लागलं. रोल आणायला जाण्याचा वेळ वाचवला, दुपार घालवली.

यावर उपाय स्वस्त आहे. संगणकातून पट्टीवरच ठळक अक्षरांत ‘हॉल’, ‘वर्कशॉप’ किंवा ‘लाउंज’ छापून घ्या. शब्द नोंदणीतून येतो, रंग कागदातून. दोन्ही जुळले नाहीत तर पहिल्याच बॅजला चूक दिसते. शिवाय मी प्रत्येक रंगाला वेगळा प्रिंटर ठेवतो आणि त्यावर त्याच रंगाची चिकटपट्टी लावतो. राखीव रोल काउंटरखाली ढीग करून नाही, त्या-त्या प्रिंटरपाशीच. रोल बदलला की पहिला बॅज वाचून मगच द्यायचा. उतावळ्या लोकांना हे किचकट वाटतं.

रंग गळ्यातल्या फितीला देऊ नका. फिती लोक चहा पितापिता बदलतात. आणि एकाच हुकाचा बॅज हमखास उलटा फिरतो, तेव्हा दोन हुक घ्या, नाहीतर दोन्ही बाजूंनी छापा.

वर्कशॉपच्या दाराशी रंगावर विसंबणं ही वेगळीच गंमत. निळी पट्टी ‘याला परवानगी आहे’ एवढंच सांगते. खोलीत किती जण बसलेत किंवा याची जागा सकाळच्या सत्रात होती की दुपारच्या, हे ती सांगत नाही. चाळीस खुर्च्यांच्या खोलीसमोर साठ निळे बॅज येऊ शकतात आणि सगळे खरे असतात. तिथे क्यूआर स्कॅन करा, किंवा सत्रागणिक फाडून घ्यायची चिठ्ठी बॅजला जोडा. मला चिठ्ठी आवडते, नेट गेलं तरी तिचं काम अडत नाही.

बॅज हरवला म्हणून नवा देताना जुन्याचा कोड रद्द करा. रंग रद्द होत नाही, त्यामुळे निदान लाउंजच्या दाराशी तरी नुसतं बघून सोडू नका, स्कॅन कराच. नाहीतर हरवलेला पिवळा बॅज संध्याकाळी दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात आत बसलेला असतो.