घड्याळावर ‘३० मीटर’ वाचून आंघोळीला जाऊ नका

इंदूरमधल्या माझ्या काउंटरवर एक वाक्य सारखं ऐकू येतं: “भाऊ, मागे ३० मीटर लिहिलंय, मग पाणी शिरलंच कसं?” तो आकडा किती खोल बुडी मारता येईल ते सांगत नाही. तो दाब सांगतो. ३० मीटर म्हणजे साधारण ३ बार, तेही नवं घड्याळ, नवी रबर रिंग, साधं पाणी आणि थोडाच वेळ एवढं धरून. पाऊस आणि हात धुताना उडालेलं पाणी, इतकीच त्याची झेप.

सगळ्यात जास्त घड्याळं मी आंघोळीमुळे गेलेली पाहिली आहेत. गेल्या थंडीत रामबागेतले एक काका ३० मीटरवालं घड्याळ घेऊन आले. सकाळी काचेवर आतून धुकं यायचं आणि दुपारी जायचं, म्हणून ते महिनाभर थांबले. मागचं झाकण उघडलं तर चावीची दांडी गंजलेली. काका रोज गीझरच्या कडक पाण्याने घड्याळासकट आंघोळ करायचे. गरम पाण्याने आतली हवा फुगते आणि रबरही मऊ पडतं. मग थंडीत बाहेर आलं की हवा आक्रसते आणि बाहेरची वाफ चावीच्या फटीतून आत ओढली जाते. साबणाचं पाणी तर साध्या पाण्यापेक्षा सहज फटीत शिरतं. धुकं दिसलं त्याच दिवशी आणलं असतं तर दांडी वाचली असती. ते गेलं म्हणजे ओल गेली असं नव्हे, ती आतच असते. अशा वेळी लोक घड्याळ तांदळाच्या डब्यात ठेवतात, त्याने काही होत नाही. सेल काढून, झाकण उघडून वाळवावंच लागतं.

पोहताना हात जोरात मारल्याने दाब भलताच वाढतो, हे मला पटत नाही. सेकंदाला ५ मीटर वेगाने हात मारला तरी जेमतेम सव्वा मीटर पाण्याइतकाच दाब वाढतो. घात करते ती जुनी रिंग आणि पाण्यात ओढलेली चावी.

सेल बदलताना घाईत झाकण दाबून देणाऱ्यांवर माझा राग आहे. रिंग चपटी किंवा कडक झाली असेल तर मी नवीच घालतो, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात देतो आणि मगच झाकण लावतो. प्रेशर टेस्ट केल्याशिवाय पोहायला घालून जा असं सांगत नाही.

पोहायचंच असेल तर १०० मीटर आणि स्क्रूची चावी बघा. ५० मीटरवर थोडं पोहणं निभतं, पण रिंग ताजी हवी. स्कुबासाठी आयएसओ ६४२५ प्रमाणित डायव्हर घड्याळच घ्या. पाण्यात उतरण्याआधी चावी पूर्ण आत आहे का ते बोटाने चाचपा आणि पूलमधून आल्यावर घड्याळ साध्या पाण्याने धुवा.