जुन्या वर्गमैत्रिणीचा मेसेज आलाय? उत्तर देताना या चुका टाळा

समजा मेसेज असा आहे: ‘ओळखलंस का गं? दहावी ब, खिडकीजवळचा बाक. नंबर तुझ्या वहिनीकडून मिळाला.’ मधे पंचवीस वर्षं गेली आहेत. बहुतेक जणी आनंदाच्या भरात लिहितात, ‘अय्या! किती वर्षांनी! कशी आहेस?’ तिकडून येतं, ‘मजेत. तू?’ मग ‘मी पण’, एक बदाम, आणि संपलं. दोघींनाही बोलायचं असतं, पण ‘कशी आहेस’ला ‘मजेत’पलीकडे उत्तरच नसतं. नंबर शोधायची खटपट तिने केली आहे. आता तिला धरून बोलता येईल असं काहीतरी देणं तुमच्याकडे आहे.

त्याहून मोठी चूक चौकशांची. ‘मिस्टर काय करतात? मुलं किती? आई-बाबा बरे ना?’ आपल्याकडे हे सहज विचारलं जातं. पण एवढ्या वर्षांत कुणाचे वडील गेलेले असतात, कुणाचा घटस्फोट झालेला असतो, कुणाला मूल नसतं. पहिल्याच दिवशी तिला ते टाइप करून सांगावं लागतं, नाहीतर ती गप्प होते. त्याऐवजी तुमची आठवण लिहा: ‘तुझ्या आईच्या थालीपिठासाठी मी मधल्या सुट्टीची वाट बघायचे.’ आईबद्दल किती सांगायचं, ते मग ती ठरवेल. आई नाही असं कळलं, तर नुसते हात जोडलेले चिन्ह पाठवू नका. ‘फोन करू का?’ असं विचारा.

संपर्क का तुटला याचा लांबलचक खुलासाही नको. लग्न, बदली, सासरचं आजारपण असं सगळं लिहिलंत की तिलाही स्वतःचा खुलासा द्यावासा वाटतो आणि गप्पा बाजूला राहतात. एक वाक्य पुरे.

मी असं उत्तर लिहीन:

‘ओळखलं तर! प्रयोगवहीतल्या माझ्या सगळ्या आकृत्या तूच काढायचीस. मधे माझ्याकडूनही संपर्क राहिला नाही, पण तू शोधलंस याचा फार आनंद झाला. मी आता नाशिकला असते, शिकवते. तू अजून चित्रं काढतेस का? रविवारी सकाळी फोन केला तर चालेल?’

यात एक नेमकी आठवण आहे, आजची थोडी खबर आहे, आणि विचारलंय ते तिच्या आवडीचं. ‘भेटू कधीतरी’ऐवजी वारही सांगितलाय, त्यामुळे होय-नाही म्हणणं तिला सोपं जातं.

वर्गाच्या ग्रुपमध्ये तिला परस्पर टाकू नका. शाळेतल्या एखाद्या माणसाशी तिला बोलायचं नसेल, हे तुम्हाला ठाऊक नसतं. आधी विचारा.

उत्तर आलं नाही तर प्रश्नचिन्हं पाठवू नका. दोन-तीन आठवड्यांनी वर्गाचा जुना फोटो पाठवा, तोही एकदाच. आणि ओळख पटायच्या आत समोरून पैसे किंवा ओटीपी मागितला गेला, तर काही न देता, जिच्याकडून नंबर मिळाल्याचं सांगितलं त्या वहिनीलाच फोन करून खात्री करा.