ऑपरेशनच्या सूचनापत्रकात घड्याळाची वेळ लिहा

‘उपाशीपोटी या’ एवढंच छापलं तर बरेच पेशंट सकाळी चहा पिऊन येतात. चहा म्हणजे काही खाणं नव्हे, असं घरोघरी धरलेलं असतं. पण दूध पोटात गेलं की ते जेवणासारखंच धरतात. भूल दिल्यावर पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत गेलं तर जिवावर बेततं, आणि हे कारण पत्रकात एका ओळीत दिलं की लोक नियम पाळतात.

समजा, हर्नियाचं ऑपरेशन सकाळी 9 वाजता आहे. मग असं लिहा: ‘आदल्या रात्री 10 पर्यंत हलकं जेवण, तळलेलं नको. त्यानंतर दूध, चहा, बिस्किट काही नाही. साधं पाणी सकाळी 7 पर्यंत चालेल.’ ऑपरेशन दुपारी असेल तर या वेळा बदला, नाहीतर वयस्कर माणूस विनाकारण दिवसभर तहानलेला राहतो.

गोळ्यांसाठी नावानिशी रकाना ठेवा आणि तो भूलतज्ज्ञांकडूनच भरून घ्या. अम्लोडिपिन सहसा सकाळी घोटभर पाण्याबरोबर चालते, मेटफॉर्मिन त्या सकाळी सहसा नसते. डापाग्लिफ्लोझिन मात्र साधारण तीन दिवस आधीच थांबवतात. रक्त पातळ करणारी गोळी पेशंटने स्वतःहून बंद करू नये, विशेषतः स्टेंट असेल तर.

ताप, कफाचा खोकला, जुलाब किंवा ऑपरेशनच्या जागी गळू आलं तर निघण्याआधी फोन करायला सांगा. छातीत दुखलं किंवा दम लागला तर थेट कॅज्युअल्टी गाठायची. चुकून काही खाल्लं असेल तर ते लपवू नये. तारीख पुढे जाईल, कोणी रागावणार नाही, हेही छापा.