कव्हरची पीडीएफ करण्याआधी कागद मोजा

स्पाईनची, म्हणजे पुस्तकाच्या कण्याची, रुंदी जीएसएमवरून काढू नका. जीएसएम म्हणजे कागदाचं वजन, जाडी नव्हे. ७० जीएसएमचा गुळगुळीत मॅपलिथो साधारण ०.०९ मिमी भरतो, तर त्याच वजनाचा फुगीर बुक पेपर ०.११५ मिमीपर्यंत जातो. गिरगावातल्या प्रेसने माझ्या पुस्तकासाठी आयत्या वेळी कागद बदलला आणि स्पाईनवरचं नाव घसरून मुखपृष्ठावर आलं.

म्हणून ज्या कागदावर छपाई होणार आहे, त्याचेच १०० कोरे कागद मागून घ्या. गठ्ठा घट्ट दाबून व्हर्नियरने मोजा आणि १०० ने भागा.

समजा २४० पृष्ठांचं डेमी पुस्तक आहे, आकार १४० × २१६ मिमी. २४० पृष्ठं म्हणजे १२० कागद. (आपण दोन्हींना ‘पानं’च म्हणतो, घोळ तिथेच होतो.) १२० × ०.०९ = १०.८ मिमी. कव्हरचं कार्ड ०.३ मिमी असेल तर दोन्ही बाजूंचे ०.६ मिळवा. स्पाईन झाली ११.४ मिमी.

आता सलग रुंदी: मलपृष्ठ १४० + स्पाईन ११.४ + मुखपृष्ठ १४० = २९१.४. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापणीत जाणारी जादा छपाई, धरल्यावर पीडीएफ २९७.४ × २२२ मिमीची होते. डावीकडून १४३ आणि १५४.४ मिमीवर स्पाईनच्या कडांसाठी गाईड टाका.

बाइंडिंगमध्ये घडी मिलिमीटरभर सरकतेच. त्यामुळे स्पाईनवरची अक्षरं दोन्ही कडांपासून दीड मिमी आत ठेवा आणि रंग बरोबर घडीवर बदलू नका. फुगीर कागद आला तर हीच स्पाईन १४.४ होते, फाईल नव्याने करावी लागते.