कवितेतले अलंकार पेन्सिलीनं कसे खुणवायचे

आमच्या यवतमाळकडच्या गावात मी संध्याकाळी आठवी-नववीच्या मुलांची मराठी घेतो. कवितेखाली "अलंकार ओळखा" असं दिसलं की मुलं "सारखा" आणि "जणू" हे शब्द शोधत सुटतात. तिथंच गोंधळ सुरू होतो. म्हणून सरावासाठी मी या सहा ओळी रचल्या. शेवटच्या दोन आपल्या वऱ्हाडी बोलीत आहेत.

कपाशीच्या कडेकडेनं किरणं कशी कलली,
पऱ्हाटीची बोंडं सारी एका राती खुलली.
कापूस दुधासारखा पांढरा सांडला,
जणू चांदण्यांनी वावरात बाजार मांडला.
वारा धुऱ्यावर बसून पुसते मायले,
"कापूस तं सोनं, मंग चप्पल काहून नाही पायले?"

आधी मोठ्यानं वाचा. अनुप्रास डोळ्यांपेक्षा कानाला लवकर सापडतो. पहिल्या ओळीत "क" सहा वेळा येतो. प्रत्येक "क"भोवती छोटा गोल करा. मात्र दुसरं-तिसरं अक्षर परत आलं की लगेच अनुप्रास लिहू नका. मराठीत क्रियापदांच्या शेवटी "ला", "ली", "ते" येतच असतात. वाचताना त्या अक्षराचा नाद कानात भरला, तरच खूण करा. "कलली–खुलली" हे ओळींच्या शेवटी जुळणं म्हणजे अंत्ययमक, ते वेगळं.

मग जोडी शोधा. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय ते उपमेय. त्याखाली एक रेघ. ज्याची तुलना आणली ते उपमान. त्याखाली दोन रेघा. तिसऱ्या ओळीत कापूस उपमेय, दूध उपमान, "पांढरा" हा दोघांतला सारखा गुण आणि "सारखा" हा जोडणारा शब्द. चारही हाती लागले, म्हणजे उपमा. कधी कधी कवी गुण सांगत नाही, तेव्हा तो पानाच्या कडेच्या समासात तुम्ही लिहायचा.

"सारखा" शब्द मात्र फसवतो. "पाऊस सारखा पडतो" यात तो "सतत" या अर्थानं आलाय, तुलना कशाचीच नाही. "माझी वही तुझ्या वहीसारखी आहे" यात तुलना आहे, पण वहीची वहीशीच. तो अलंकार होत नाही. उपमेय आणि उपमान वेगळ्या जातीचे हवेत.

चौथ्या ओळीत "जणू" आहे. इथं कापूस चांदण्यांच्या बाजारासारखा आहे असं म्हटलेलं नाही. तो बाजारच भरलाय की काय, अशी कल्पना केली आहे. ही उत्प्रेक्षा. समासात नुसतं "उ" लिहू नका, नंतर उपमा की उत्प्रेक्षा ते कळत नाही. "उप" आणि "उत्" असं लिहा.

आता क्रियापदं तपासा. निर्जीव वस्तू माणसाचं काम करते का? बाजार मांडणं हे माणसाचं काम आणि ते चांदण्या करताहेत, म्हणून चौथ्या ओळीत चेतनगुणोक्तीही आहे. एका ओळीत दोन अलंकार असू शकतात, दोन्ही लिहा. पाचवीतला वारा तर धुऱ्यावर बसतो आणि विचारतो. पण "पाऊस आला", "वारा सुटला" हे आपलं रोजचं बोलणं आहे, तिथं चेतनगुणोक्ती लिहिली तर चूक होईल. "वारा"ऐवजी "आजोबा" घालून पाहा. "आजोबा धुऱ्यावर बसून पुसते" हे सहज बसतं, "आजोबा सुटला" बसत नाही.

शेवटी समासात परिणाम लिहा. मुलं नेमकी हीच पायरी गाळतात. नाव लिहिल्यावर खाली एक वाक्य लिहा: अलंकार काढला तर ओळीचं काय होईल? सहाव्या ओळीवर करून पाहू. "कापूस तं सोनं" यात कापूस आणि सोनं दोन्ही हजर आहेत, मधे "सारखं" नाही, "जणू" नाही. दोन्ही एकच मानलेत. म्हणून रूपक.

एका मुलीनं विचारलं होतं, "सर, पांढरं सोनं तं सगळेच म्हणतात, मंग अलंकार कसा?" प्रश्न बरोबर होता. घासून घासून त्या शब्दांतली तुलना आपल्याला दिसेनाशी झाली आहे. इथं वारा मात्र ते शब्दशः खरं धरतो आणि पुढचा प्रश्न विचारतो, त्यामुळे ते रूपक पुन्हा जागं होतं. आता त्या जागी "सोन्यासारखा कापूस" ठेवून ओळ वाचा. नुसतं सारखेपण सांगितलं की वाऱ्याला जाब विचारायला जागाच उरत नाही. समासात मग एवढं लिहिलं की पुरे: "रूप — कापूस, सोनं, गुण मोल, माय अनवाणी, म्हणून टोचतं."