जूनमध्ये निघताना: द्राक्षबागेच्या प्रकल्पाची हँडओव्हर नोट

नाशिकमधली माझी इंटर्नशिप जानेवारी ते जून अशी होती, आठव्या सेमिस्टरची. काम होतं द्राक्षबागेतल्या हवामान पेट्यांच्या आकड्यांवरून डावणी या द्राक्षावरच्या बुरशीसारख्या रोगाचा धोका ओळखून शेतकऱ्यांना सकाळी मेसेज पाठवण्याचं. दिंडोरी आणि निफाडकडच्या बागांत अशा चार पेट्या बसवल्या होत्या. प्रत्येकीत तापमान, आर्द्रता, पानाचा ओलावा आणि पाऊस मोजला जायचा आणि दर 15 मिनिटांनी एक नोंद सर्व्हरवर यायची.

यात अडचण अशी की डावणीचा खरा हंगाम ऑक्टोबर छाटणीनंतर येतो. कोवळी फूट निघालेली असते आणि त्यात परतीचा किंवा अवकाळी पाऊस पडतो. मी तोपर्यंत गेलेली असणार होते. पुढचा मुलगा जुलैत येणार होता आणि आमच्या दोघांत दोन आठवड्यांची फट होती, म्हणजे समोरासमोर बसून काही सांगता येणार नव्हतं. जे काही पोहोचायचं ते कागदावरूनच.

मला स्वतःला मिळालेली नोट एका पानाची होती. त्यात प्रकल्पाचा उद्देश होता, वापरलेल्या लायब्ररींची नावं होती आणि शेवटी 'मुख्य फाइल रन करणे' एवढंच. ज्यांनी ती लिहिली त्यांनी मेहनतीने काम केलं होतं, ते कोडवरून दिसत होतं. पण पहिले तीन आठवडे माझे त्यांनी काय केलं हे शोधण्यातच गेले. सर्व्हरचं खातं त्यांच्या खासगी ईमेलवर होतं, ते परत मिळवायलाच आठवडा लागला. म्हणून पुढच्यांना पहिली सूचना हीच: खाती, सिमकार्डं, डोमेन जे काही असेल ते मेंटॉरच्या किंवा टीमच्या ईमेलवर हलवा, आणि हे शेवटच्या दिवशी करू नका, कारण ओटीपी तुमच्या फोनवर येत असतो. नोटमध्ये पासवर्ड लिहायचा नाही. तो कोणाकडे आहे एवढं लिहायचं. शेतकऱ्यांच्या मोबाईल नंबरांचंही तसंच, ती यादी मी कोडच्या फोल्डरमधून काढून मेंटॉर सरांकडे दिली.

कोडमध्ये एक ओळ होती, `WET = 450`. ओलावा मोजणाऱ्या पट्टीचा आकडा 450 च्या खाली आला की पान ओलं समजायचं. हे 450 कुठून आलं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला वाटलं, कुणीतरी अंदाजाने टाकलं असेल, म्हणून मी 500 करून पाहिलं, मग 400, आणि दर वेळी ओल्या तासांचा हिशेब बदलत गेला. शेवटी मी तीन दिवस पहाटे बागेत गेले. दव पडलेलं असताना पट्टीच्या शेजारचं खरं पान हाताने तपासत बसले आणि पान सुकलं त्या क्षणी पट्टीवर काय आकडा आहे ते टिपत गेले. दोन पेट्यांवर मिळून तो 430 ते 470 च्या दरम्यान आला. म्हणजे 450 बरोबरच होतं. फक्त ते बरोबर का आहे हे कळायला माझ्या तीन पहाटा गेल्या. माझ्या नोटमध्ये या ओळीखाली तारखा, पेट्यांचे क्रमांक आणि मोजण्याची पद्धत अशी चार वाक्यं आहेत. कोडमध्ये हाताने टाकलेला प्रत्येक आकडा शोधून काढा आणि त्याच्यापुढे 'का' लिहा. असे आकडे मला सात सापडले, त्यातल्या दोन आकड्यांचा 'का' मलाही माहीत नव्हता. तिथे मी तसंच लिहिलं: 'कारण माहीत नाही, बदलू नका, आधी तपासा.'

पावसाचं प्रकरण याहून गंभीर होतं. डावणीच्या पहिल्या लागणीसाठी द्राक्षात एक जुना ढोबळ नियम वापरतात: तापमान 10 अंशांच्या वर, फूट 10 सेंटिमीटरची आणि पाऊस 10 मिलिमीटर. आमचा इशारा याच नियमावर उभा होता. पर्जन्यमापकात एक छोटी बादली असते, ती भरली की उलटते आणि एक टिचकी मोजली जाते. कोडमध्ये सगळ्या पेट्यांसाठी एका टिचकीला 0.2 मिलिमीटर धरलं होतं. तीन नंबरच्या पेटीवर मात्र पाऊस नेहमी कमी दिसायचा. मी समजत होते की त्या बाजूला पाऊसच कमी होतो.

एप्रिलमध्ये सहज म्हणून मी प्रत्येक मापकात मोजून 200 मिलिलिटर पाणी हळूहळू ओतलं. वरचं तोंड 16 सेंटिमीटर व्यासाचं आहे, म्हणजे क्षेत्रफळ साधारण 201 चौरस सेंटिमीटर, आणि 200 मिलिलिटर म्हणजे जवळजवळ 10 मिलिमीटर पाऊस. टिचक्या 50 यायला हव्यात. तीन पेट्यांवर 49 ते 51 आल्या. तीन नंबरवर 20. तिथला मापक कधीतरी बदललेला होता आणि नव्याची बादली 0.5 ची होती. तिथे खरोखर 10 मिलिमीटर पाऊस पडला तरी आपला कोड 4 मोजणार आणि इशारा जाणारच नाही. ऑक्टोबरात हे झालं असतं तर त्या शेतकऱ्याची फवारणी चुकली असती. नोटमध्ये मी चारही पेट्यांचा तक्ता दिला, आणि त्याखाली हा 200 मिलिलिटरचा प्रयोग जसाच्या तसा, म्हणजे मापक पुन्हा बदलला तर पुढच्याला दहा मिनिटांत कळेल. पाणी सावकाश ओता हेही लिहिलं, कारण भसकन ओतलं की बादली उलटत असतानाच पाणी निसटतं आणि टिचक्या कमी येतात.

पट्टीबद्दलची एक गोष्ट मला कोडमधून कधीच कळली नसती. मे महिन्यात दुपारी दोनला, 38 अंशांच्या उन्हात, एक नंबरची पेटी पान ओलं दाखवत होती. मी वायर तपासली, कोड तपासला. शेवटी बागेवर गेले तर तिथले काका म्हणाले, "ताई, फवारा मारला की त्या पट्टीवर पण बसतो. ती कुणी पुसतं का?" कुणीच पुसत नव्हतं. औषधाचे क्षार पट्टीवर साचले की त्यांतून थोडा विद्युतप्रवाह वाहतो आणि कोरडी पट्टीसुद्धा ओली वाटते. साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसल्यावर आकडा पूर्ववत झाला. नोटमध्ये हे ओळखण्याची खूणही दिली: भर दुपारी, आर्द्रता कमी असताना पट्टी ओली दाखवत असेल तर आधी फडकं घ्या, मग कोड उघडा.

वेळेचंही सांगायला हवं, कारण तिथे मी स्वतः महिनाभर फसले होते. पेट्या वेळ यूटीसीमध्ये लिहितात, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. जुना कोड त्या तारखेनुसार दिवस पाडायचा, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला दिवस बदलायचा. समजा पानं रात्री नऊपासून सकाळी साडेआठपर्यंत ओली आहेत. हे सलग साडेअकरा तास झाले. जुना कोड त्याचे दोन तुकडे करायचा, साडेआठ तास एका दिवशी आणि तीन तास दुसऱ्या. लांब ओली रात्र कधी दिसायचीच नाही. मी वेळ बदलून दुपारी बारा ते दुसऱ्या दुपारी बारा अशी एक 'रात्र' धरली:

```python
t = pd.to_datetime(df["time"], utc=True)
df["time"] = t.dt.tz_convert("Asia/Kolkata")
df["night"] = (df["time"] - pd.Timedelta(hours=12)).dt.date
```

या तीन ओळी कुणाला अनावश्यक वाटून काढल्या जाऊ नयेत म्हणून वरचं उदाहरण नोटमध्ये आकड्यांसह टाकलं.

जमलं नाही तेही लिहिलं. पट्टीऐवजी आर्द्रता 90 टक्क्यांच्या वर गेली की पान ओलं धरावं, असा प्रयोग मी दोन आठवडे केला. पाऊस थांबून हवा कोरडी होते, पण दाट पानोऱ्यात पानं ओलीच राहतात, आणि ते तास हिशेबातून सुटतात. पुढच्याला हीच कल्पना पहिल्या आठवड्यात सुचणार, मला खात्री होती.

नोट लिहून झाली तेव्हा माझ्या हातात आठ दिवस उरले होते. मी शेजारच्या टीममधल्या एका ज्युनियरला विनंती केली: तुझ्या लॅपटॉपवर ही नोट वाचून कालचा इशारा काढून दाखव, मी एक शब्द बोलणार नाही. ती अकराव्या मिनिटाला अडली. लायब्ररींची यादी `requirements.txt` मध्ये होती, पण पायथनची आवृत्ती मी लिहिलीच नव्हती. पुढे फाइल सापडेना, कारण कोडमध्ये `D:\project\final2\data` हा माझ्या मशीनवरचा पत्ता होता. आणि शेवटी कोड चालला, पडद्यावर आकडे आले, तेव्हा तिने मला विचारलं, "हे बरोबर आलं की चूक?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या नोटमध्ये नव्हतं. त्या रात्री मी जूनच्या पहिल्या आठवड्याची एक छोटी फाइल वेगळी काढली आणि तिच्यावरून येणारे ओले तास व पाऊस यांचा छापील तक्ता जोडला. पहिल्या दिवशी ही फाइल चालवा, आकडे जुळले तर तुमचं मशीन ठीक आहे, नाही जुळले तर पुढे जाऊ नका. दोन दिवसांनी तिनेच परत करून पाहिलं, 25 मिनिटांत झालं.

पेट्यांचे फोटोही जोडले. प्रत्येकीचे चार: लांबून, झाकण उघडून, वायरी जवळून, आणि शेताच्या बांधापासूनची वाट. सिमच्या रिचार्जच्या तारखा मेंटॉर सरांच्या कॅलेंडरवर टाकल्या. पेटी गप्प झाली तर आधी सिम बघा, असं नोटमध्ये लिहिलं आणि मी निघाले.

ऑगस्टमध्ये नव्या मुलाचा फोन आला. "ताई, दोन नंबरची पेटी रात्री बंद पडते आणि दुपारी आपोआप चालू होते. सिम ठीक आहे." मी उन्हाळ्यातच काम केलेलं, असं कधी पाहिलंच नव्हतं. त्याला म्हटलं, व्होल्टेजचा कॉलम उघड. आठवडाभर ढगाळ होतं, सौर पॅनलला ऊन मिळत नव्हतं, बॅटरी मध्यरात्रीपर्यंतच टिकत होती. त्याने पॅनल पुसून जरा उंच बांधलं, नोंदीचं अंतर पावसाळ्यापुरतं 30 मिनिटांचं केलं, आणि नोटमध्ये माझ्या सिमच्या ओळीखाली स्वतःची ओळ जोडली: 'रात्री गप्प, दुपारी चालू, तर बॅटरी.'